अ‍ॅड्रेनॅलिनचे नेब्युलायझेशन दिल्यावर बाळाला लगेच घरी का सोडत नाहीत

क्रूप झालेल्या बाळाला रुग्णालयात नेब्युलायझरमधून अ‍ॅड्रेनॅलिन दिले की बहुधा अर्ध्या तासात त्याच्या श्वासाचा घरघराट कमी होतो, छाती आत ओढली जाणे थांबते आणि बाळ आईच्या कुशीत स्वस्थ होते. पालक निघायच्या तयारीला लागतात आणि नेमके तेव्हाच डॉक्टर सांगतात की आणखी तीन-चार तास इथेच थांबावे लागेल. हा आग्रह अनेकांना अति काळजीचा वाटतो. प्रत्यक्षात हे औषध काय करते आणि किती वेळ करते हे कळले की त्यानंतरचे थांबणे हाच उपचाराचा दुसरा अर्धा भाग आहे हे लक्षात येते.

क्रूप हा विषाणूंमुळे होणारा, स्वरयंत्र आणि त्याच्या लगेच खालच्या श्वासनलिकेच्या भागाला सूज आणणारा आजार आहे. पॅराइन्फ्लुएन्झा गटातले विषाणू त्याला सर्वाधिक कारणीभूत असतात आणि सहा महिने ते तीन वर्षे या वयात तो जास्त आढळतो. एक-दोन दिवस साधी सर्दी असते, मग बहुतेक वेळा रात्रीच, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा कोरडा खोकला सुरू होतो, आवाज बसतो आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येऊ लागतो. या आवाजाला स्ट्रायडॉर म्हणतात. तो फक्त रडताना येत असेल तर आजार सौम्य समजतात. बाळ शांत असतानाही येत असेल तर वाट अरुंद झाली आहे असे समजून पावले उचलावी लागतात.

लहान बाळातच हा आजार इतका त्रास का देतो याचे उत्तर भूमितीत आहे. स्वरयंत्राखाली क्रिकॉइड नावाचे कूर्चेचे कडे असते. श्वासनलिकेच्या इतर कड्यांना मागे मोकळी बाजू असते, हे कडे मात्र पूर्ण गोल असते, त्यामुळे आतल्या अस्तराला सूज आली की ती बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही, ती आतली वाटच खाते. बाळाच्या या भागाचा व्यास ४ मिलिमीटर धरला आणि सगळ्या बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर उरतो २ मिलिमीटर. व्यास निम्मा झाला, पण वाटेचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश झाले आणि संथ प्रवाहाच्या नियमानुसार हवेला होणारा विरोध १६ पट झाला. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या वाटेत तेवढीच सूज आली तर विरोध सुमारे तिप्पटच होतो. बाळ रडू लागले की हवेचा वेग वाढतो, प्रवाह खळबळतो आणि विरोध याहूनही वाढतो. क्रूपच्या बाळाला रडवू नये, त्याला आईच्या मांडीवरून उचलून खाटेवर निजवू नये, चमचा घालून घसा तपासू नये, हे नियम केवळ मायेपोटी केलेले नाहीत.

अ‍ॅड्रेनॅलिन काम करते ते नेमके या अस्तरावर. धुक्यासारख्या कणांतून ते सुजलेल्या भागावर पोहोचते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यातून पाझरणारा द्रव कमी होतो आणि सूज उतरते. वर काढलेल्या गणिताकडे पुन्हा पाहिले तर अर्धा मिलिमीटर सूज उतरली तरी बाळाला केवढा दिलासा मिळत असेल याची कल्पना येते. परिणाम १० मिनिटांपासून दिसू लागतो, अर्ध्या तासाच्या आसपास सर्वाधिक असतो आणि साधारण दोन तासांत ओसरतो. विषाणू तिथेच असतो, दाह तसाच असतो. औषध ओसरले की रक्तवाहिन्या पुन्हा रुंदावतात आणि सूज परत येऊ शकते.

म्हणूनच अ‍ॅड्रेनॅलिनसोबत स्टेरॉइड दिलेच जाते, सहसा डेक्सामेथासोन, वजनाच्या प्रत्येक किलोला ०.६ मिलिग्रॅम, तोंडाने, एकदाच. काही देशांत याहून लहान, ०.१५ मिलिग्रॅमची मात्रा वापरतात आणि बहुतेक मुलांना तीही पुरते. मात्र अ‍ॅड्रेनॅलिन लागण्याइतका त्रास असलेल्या बाळाला मोठी मात्रा देण्याकडे कल असतो. ज्या बाळाला तोंडाने देता येत नाही त्याला इंजेक्शनने किंवा बुडेसोनाइड हे दुसरे स्टेरॉइड नेब्युलायझरमधून देतात. डेक्सामेथासोन दाहावरच काम करते, पण सावकाश: परिणाम जाणवायला साधारण एक-दोन तास लागतात, तो पुढचे काही तास वाढत जातो आणि एका मात्रेचा प्रभाव दीड-दोन दिवस टिकतो. दोन औषधांची वेळापत्रके शेजारी ठेवली की सगळी योजना दिसते. अ‍ॅड्रेनॅलिन पहिल्या दहा मिनिटांत धावून येते आणि दोन तासांनी निघून जाते, तोवर डेक्सामेथासोनने भार उचललेला असावा अशी अपेक्षा असते. तो भार खरेच उचलला गेला की नाही, हे पाहण्यासाठी बाळाला थांबवून ठेवलेले असते.

आता मात्रा. पालक आणि नवे कर्मचारी दोघेही वयानुसार तक्ता मागतात, पण बहुतेक ठिकाणी ही मात्रा वजनावर ठरते आणि तिला वरची मर्यादा असते. आपल्याकडे मिळणारे अ‍ॅड्रेनॅलिन १:१००० तीव्रतेचे, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असते. भारतात आणि ऑस्ट्रेलियातही प्रचलित असलेली मात्रा दर किलोला ०.५ मिलिलिटर, जास्तीत जास्त ५ मिलिलिटर अशी आहे. ब्रिटनमध्ये दर किलोला ०.४ मिलिलिटर वापरतात, मर्यादा तीच ५. आपल्या ०.५ च्या हिशेबाने १० किलोच्या पुढे मूल कितीही मोठे असले तरी मात्रा ५ मिलिलिटरच राहते. वयात सांगायचे तर सात किलोच्या सुमारे सहा महिन्यांच्या बाळाला साडेतीन मिलिलिटर, नऊ किलोच्या वर्षाच्या बाळाला साडेचार आणि त्यापुढच्या बहुतेक मुलांना पूर्ण पाच. हे आकडे अंदाज येण्यापुरते आहेत. सहा महिन्यांचे बाळ साडेपाच किलोचेही असते आणि नऊ किलोचेही, म्हणून वजनकाटा हाताशी असेल तर वयावरून मात्रा ठरवू नये. काट्यावर घेण्याने बाळ चिडणार असेल तर आधी आईला बाळासह तोलावे आणि मग आईचे एकटीचे वजन वजा करावे.

कॅनडात मात्र वय-वजन न पाहता सर्वांना ५ मिलिलिटर देण्याची पद्धत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या छोट्या रुग्णालयांसाठीच्या पुस्तिकेत केवळ २ मिलिलिटर सांगितले आहे. इतका फरक पाहून गोंधळायला होते. नेब्युलायझरमध्ये घातलेले सगळे औषध बाळाच्या आत जात नाही हे त्यामागचे एक कारण आहे. बरेचसे भांड्यातच राहते किंवा मास्कच्या बाजूने उडून जाते, आणि लहान बाळ एका श्वासात कमी हवा घेत असल्यामुळे त्याच्या वाट्याला औषधही आपोआप कमी येते. माझ्या मते आपण ज्या रुग्णालयात काम करतो तिथला लेखी नियम एकच असावा आणि सर्वांनी तोच पाळावा. रात्री दोन वाजता तीन देशांच्या मार्गदर्शिकांची तुलना करण्यातून चुकाच जन्मतात.

सर्वांत धोकादायक चूक तिथेच दडलेली आहे. हेच १:१००० अ‍ॅड्रेनॅलिन तीव्र अ‍ॅलर्जीच्या झटक्यात मांडीच्या स्नायूत टोचतात, पण तिथली मात्रा दर किलोला ०.०१ मिलिलिटर असते. नेब्युलायझरची मात्रा त्याच्या पन्नास पट आहे. आठ किलोच्या बाळासाठी भरलेली ४ मिलिलिटरची सिरिंज चुकून शिरेत किंवा स्नायूत गेली तर ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून औषध भरल्याबरोबर सुई काढून टाकावी, सिरिंजवर 'फक्त नेब्युलायझरसाठी' अशी चिठ्ठी लावावी आणि ती ट्रेमध्ये न ठेवता तिथल्या तिथे भांड्यात रिकामी करावी. आपल्याकडे अ‍ॅड्रेनॅलिनचा अ‍ॅम्प्युल सहसा १ मिलिलिटरचा असतो, त्यामुळे चार मिलिलिटरसाठी चार अ‍ॅम्प्युल फोडावे लागतात. ज्यांना सवय नाही त्यांना एका बाळासाठी चार अ‍ॅम्प्युल फोडताना हात अडखळतो, आणि तो अडखळलेला बरा, कारण त्या क्षणी मार्ग पुन्हा एकदा विचारून खात्री केली जाते. द्रावण गुलाबी किंवा तपकिरी झाले असेल तर औषध खराब झाले आहे; ते वापरू नये.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा अकरा महिन्यांची मुलगी, वजन ८ किलो, रात्री अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीत आली आहे. शांत असतानाही स्ट्रायडॉर ऐकू येतो आहे, बरगड्यांखालचा आणि गळ्याच्या खळगीतला भाग श्वासागणिक स्पष्ट आत जातो आहे, स्टेथोस्कोपला हवा थोडी कमी जाणवते आहे, पण ती सावध आहे, ओठ गुलाबी आहेत. क्रूपची तीव्रता मोजण्यासाठी वेस्टली स्कोअर वापरतात. त्यात शांत असतानाच्या स्ट्रायडॉरला २, छाती मध्यम ओढली जाण्याला २ आणि हवा किंचित कमी जाण्याला १ असे गुण धरले तर तिचे होतात ५, म्हणजे मध्यम. इथे एक बारकावा आहे. स्ट्रायडॉर, छाती ओढली जाणे आणि हवा या तिन्ही लक्षणांचे कमाल गुण मिळून ७ च होतात, तर तीव्र समजण्याची नेहमीची रेषा ८ आहे. म्हणजे बाळ निळे पडल्याशिवाय किंवा त्याचे भान कमी झाल्याशिवाय या मोजमापात ते 'तीव्र' गटात जातच नाही. अ‍ॅड्रेनॅलिनसाठी तिथपर्यंत थांबायचे नसते. शांत असतानाचा स्ट्रायडॉर आणि छाती ठळकपणे आत ओढली जाणे एवढे पुरेसे आहे.

तर या मुलीला आधी डेक्सामेथासोन: आठ गुणिले ०.६ म्हणजे ४.८ मिलिग्रॅम. ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या इंजेक्शनातले १.२ मिलिलिटर औषध सुई न लावलेल्या सिरिंजने गालाच्या कडेला हळूहळू पाजता येते. मग अ‍ॅड्रेनॅलिन, आठ गुणिले ०.५ म्हणजे ४ मिलिलिटर, ऑक्सिजनवर चालणाऱ्या नेब्युलायझरने, मिनिटाला ६ ते ८ लिटर प्रवाहावर. नेब्युलायझरचे भांडे नीट धुके तयार करायला साधारण तीन-चार मिलिलिटर द्रव मागते, म्हणून मात्रा याहून कमी असेल तर सलाइन मिसळून भरतात. आणखी पातळ करण्याची गरज नसते. मुलगी आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकलेली, मास्क आईच्याच हातात. मास्क तोंडापासून लांब धरला तर औषध हवेत जाते, घट्ट दाबला तर मुलगी किंचाळते. आईच्या हाताने यातला मध्य बहुधा साधतो.

समजा सव्वाअकराला सुरू झालेले नेब्युलायझेशन साडेअकराला संपले. या दरम्यान नाडी वाढते, तोंडाभोवती फिकटपणा येतो, हात थोडे थरथरतात. तो फिकटपणा पाहून आई घाबरते. तो औषधाचाच परिणाम आहे आणि थोड्या वेळात जातो, हे तिला आधीच सांगून ठेवले तर बरे. जन्मजात हृदयरोग असलेल्या बाळात मात्र नाडीचा हा वेग सहज घेता येत नाही, म्हणून तो प्रश्न मात्रा भरण्याआधी विचारायचा. पावणेबाराला स्ट्रायडॉर जवळजवळ थांबला आहे आणि मुलगी दूध पिते आहे. याच वेळी तिला घरी पाठवले, तर दीड वाजता, औषध ओसरते तेव्हा, ती रिक्षात किंवा गावाकडच्या रस्त्यावर असेल.

म्हणून वेळ मोजायची ती नेब्युलायझेशन संपल्यापासून. बहुतेक मार्गदर्शिका दोन ते चार तास सांगतात. आपल्याकडे तीन-चार तास धरणे शहाणपणाचे, कारण परतायचे अंतर आणि वाहनाची सोय सर्वांना सारखी नसते. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासाने श्वासाचा वेग, छाती ओढली जाणे, स्ट्रायडॉर, नाडी आणि ऑक्सिजनची पातळी पाहून कागदावर लिहायची. आपल्या उदाहरणातल्या मुलीला दीड वाजता रडताना पुन्हा थोडा आवाज येतो, शांत झाल्यावर थांबतो. एवढ्यासाठी दुसरी मात्रा लागत नाही, पण घड्याळ थांबवायचेही नाही. साडेतीन वाजता ती झोपेत शांत श्वास घेते आहे, छाती ओढली जात नाही, दूध दोनदा प्यायली आहे, औषध उलटून पडलेले नाही आणि घर पंधरा मिनिटांवर आहे. आता तिला सोडता येईल. घर दूर तालुक्यात असते, किंवा आईला बाळाचा त्रास वाढल्याचे ओळखता येईल याची खात्री नसती, तर याच स्थितीत सकाळपर्यंत ठेवणे मी पसंत केले असते.

पूर्वी अनेक रुग्णालयांत अ‍ॅड्रेनॅलिन दिलेल्या प्रत्येक बाळाला दाखल करून घ्यायचा नियम होता, कारण औषध ओसरल्यावर त्रास आधीपेक्षाही उसळतो अशी समजूत होती. प्रत्यक्षात बाळ आधीच्या स्थितीवर परत येते, त्याहून वाईट अवस्थेत औषध त्याला ढकलत नाही. मात्र आधीची स्थितीच गंभीर होती, म्हणून औषध दिले होते, हे विसरून चालत नाही. स्टेरॉइड नियमित दिले जाऊ लागल्यावर, काही तासांच्या निरीक्षणानंतर निवडक मुलांना सुखरूप घरी पाठवता येते हे अभ्यासांतून स्पष्ट झाले आणि सक्तीने दाखल करणे मागे पडले.

दीड वाजता शांत असतानाही स्ट्रायडॉर परतला असता तर दुसरी मात्रा दिली असती, घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू केले असते आणि बाळाला दाखलही करून घेतले असते. वारंवार मात्रा लागत असतील तर बाळ अतिदक्षता विभाग आणि भूलतज्ज्ञ जिथे आहेत अशा ठिकाणी हवे. आणि पहिल्या मात्रेनंतर काहीच फरक पडला नाही तर आणखी औषध ओतण्याआधी निदानावर शंका घ्यावी. खूप ताप असेल आणि बाळ अतिशय आजारी दिसत असेल तर श्वासनलिकेचा जीवाणूजन्य दाह, अचानक खेळता खेळता सुरू झाले असेल तर अडकलेला शेंगदाणा, लाळ गळत असेल आणि बाळ पुढे झुकून बसले असेल तर एपिग्लॉटिसची, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरच्या झाकणाची सूज, लसीकरण अपुरे असेल आणि घशात राखाडी पापुद्रा दिसत असेल तर घटसर्प. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात क्रूप कमीच दिसतो. तिथे वाट जन्मतःच अरुंद असण्याची किंवा तिथे रक्तवाहिन्यांची गाठ असण्याची शक्यता तपासावी लागते.

एक फसवे लक्षण मुद्दाम सांगायला हवे. आवाज कमी झाला म्हणजे बाळ सुधारले असे नेहमीच नसते. थकलेले बाळ जोर लावू शकत नाही, हवा कमी खेचते, आणि हवा कमी गेली की आवाजही कमी होतो. खरी सुधारणा असेल तर आवाज घटताना छातीत हवा चांगली भरताना ऐकू येते, बाळ आजूबाजूला पाहते, दूध मागते. आवाज घटला, बाळ सुस्त झाले, रंग उतरला आणि हवा ऐकू येईनाशी झाली तर ते कोसळण्याच्या बेतात आहे. ऑक्सिजनची पातळी यात उशिरा घसरते, विशेषतः बाळ ऑक्सिजनवर असेल तर. म्हणून बोटाला लावलेल्या यंत्राचा ९६ हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

ब्रॉन्किओलायटिसमध्ये हेच औषध का दिले जात नाही, असा प्रश्न स्वाभाविकपणे येतो, कारण तोही विषाणूंमुळे होतो, तोही तान्ह्या बाळांना होतो आणि छाती तशीच आत ओढली जाते. फरक जागेचा आहे. तिथे अडथळा फुफ्फुसांच्या टोकाकडच्या अतिबारीक नळ्यांत, शेकडो ठिकाणी असतो आणि तो केवळ सुजेचा नसून चिकट स्राव आणि झडलेल्या पेशींचा असतो. रक्तवाहिन्या आकुंचित करून हा गाळ हलत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे, इथे मागाहून भार उचलणारे औषध नाही. एकट्या स्टेरॉइडचा ब्रॉन्किओलायटिसमध्ये उपयोग दिसलेला नाही. त्रास तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखरावर असतो आणि मग हळूहळू उतरतो, दोन तासांच्या औषधाने त्या दिवसांचे काही बदलत नाही.

कॅनडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ८०० बाळांच्या चाचणीत अ‍ॅड्रेनॅलिन आणि मोठ्या मात्रेतले डेक्सामेथासोन एकत्र दिलेल्या गटात आठवड्याभरात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण १७ टक्के होते, निव्वळ सलाइनसारखे औषध मिळालेल्या गटात २६ टक्के. बातमी आशादायक होती, पण अनेक गटांच्या तुलनेचा हिशेब लावल्यावर हा फरक योगायोग नाही असे खात्रीने म्हणता आले नाही. त्यानंतर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ मध्ये ब्रॉन्किओलायटिससाठी अ‍ॅड्रेनॅलिन देऊ नये असे सांगितले. नाक मोकळे ठेवणे, थोडे थोडे दूध किंवा नळीतून आहार, गरज पडल्यास ऑक्सिजन आणि उच्च प्रवाहाचा श्वसनाधार, एवढाच तिथला खरा उपचार. अतिशय गंभीर बाळात, व्हेंटिलेटरच्या उंबरठ्यावर, काही ठिकाणी एखादी मात्रा देऊन पाहतात. अर्ध्या तासात मोजता येण्याजोगा फरक दिसला नाही तर ती पुन्हा देत नाहीत, आणि फरक दिसला तरी त्या भरवशावर बाळाला घरी सोडत नाहीत.

घरी नेब्युलायझर आहे म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन आणून ठेवण्याचा विचार कुणी करू नये, कारण औषध ओसरताना पाहणारे आणि गरज पडली तर श्वासनळीत नळी घालू शकणारे माणूस घरी नसते. दम्यासाठी आणलेले साल्ब्युटामोल क्रूपमध्ये उपयोगी नाही. गरम पाण्याच्या भांड्यावर बाळाला धरून वाफ देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, भाजण्याची प्रकरणे मात्र होतात. बाळ शांत असतानाही श्वासाचा कर्कश आवाज येत असेल, छाती आत ओढली जात असेल, लाळ गिळता येत नसेल, बाळ सुस्त किंवा फिकट-निळे दिसत असेल, तर त्याला ज्या अवस्थेत बरे वाटते त्याच अवस्थेत उचलून जवळच्या रुग्णालयात न्यावे किंवा १०८ ला फोन करावा. आणि घरी सोडल्यानंतरच्या रात्री आवाज परत आला, तर मागच्या वेळी अ‍ॅड्रेनॅलिन किती वाजता दिले होते आणि डेक्सामेथासोन किती मिलिग्रॅम दिले होते, हे लिहिलेला कागद सोबत घ्यावा; पुढच्या डॉक्टरला पहिला प्रश्न तोच पडणार असतो.